पेशवाईवरच्या मालिका : कपड्यांवरून साल ओळखता येतं का?

ओसरी
पेशवाई १७१३ ते १८१८. एवढ्या काळात तीन-चार पिढ्या होऊन गेल्या. पण पडद्यावर बघावं तर बाळाजी विश्वनाथ काय, थोरले माधवराव काय नि दुसरा बाजीराव काय, सगळे एकाच शिंप्याकडून कपडे शिवून आल्यासारखे दिसतात. तोच मखमली अंगरखा, तीच तयार पगडी, तोच मोत्यांचा तुरा. आवाज बंद करून नुसतं चित्र बघितलं तर साल सांगता येईल का? आणि येत असेल तर नेमकं काय बघायचं? कथा, संवाद, अभिनय यांवर वेगळे धागे आहेत, इथे फक्त कपडे-दागिने-बैठक एवढंच बोलू.

पर्वतीपायथा
साल कसलं सांगताय, शतक कळलं तरी सत्यनारायण घालीन.

जुना_चष्मा
प्रश्न चांगला आहे, पण उत्तराआधी एक अडचण सांगतो. पेशव्यांच्या दरबाराची खात्रीलायक, बारकाव्यांची चित्रं आपल्याकडे मुख्यतः शेवटच्या टप्प्यातली आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ ला मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी यांना समोर बसवून चित्रं काढली. १७९५ ला तो वारला. त्याच्या टिपणांवरून थॉमस डॅनियलने लंडनमध्ये पुढे मोठं दरबारचित्र पूर्ण केलं, ते १८०५ चं. पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट आणि पेशवे यांच्यातला १७९० चा तह, असा त्याचा विषय.

मालिकावाल्यांच्या वेशभूषा विभागाकडे संदर्भ म्हणून बहुतेक वेळा हेच येतं. म्हणजे १७२५ च्या प्रसंगाला १७९२ चे कपडे. आपल्या आजच्या हिशोबात, स्वातंत्र्यलढ्यावरच्या मालिकेत जीन्स.

आता काय बघायचं ते. पुरुषांच्या जाम्यात दोन गोष्टी बघा, लांबी आणि कंबर. उत्तरेतल्या दरबारी चित्रांत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जामा गुडघ्याच्या आसपास थांबतो आणि कंबर जागेवर असते. अठराव्या शतकात घेर घोट्यापर्यंत उतरतो नि कंबरेची शिवण वर छातीकडे सरकते. दख्खनेत हा बदल नेमका कधी पोचला यावर वाद घालता येईल, पण दिशा तीच आहे. त्यामुळे १६८० च्या आणि १७९० च्या प्रसंगात माणसांचे जामे एकाच लांबीचे दिसले तर दोघांतलं एक तरी चुकलंय.

सदाशिवपेठी
यात भर. जाम्याचे बंद कुठल्या बाजूला बांधलेत ते बघायचं. हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या. अकबराच्या काळापासून हा नियमच होता. त्यावरून मालिकेतली चूक चुटकीसरशी पकडता येते.

जुना_चष्मा
@सदाशिवपेठी, मुघल चित्रांत हा फरक दिसतो, हे बरोबर. पण ते पुण्यात आणून नियम करू नका. दिल्ली-आग्र्याच्या चित्रशाळेतली रीत पुण्याच्या वाड्यात शंभर-दीडशे वर्षांनी तशीच पाळली जात होती, हे वेगळं दाखवावं लागेल. शिवाय चित्र कोरताना किंवा छापताना आरशासारखं उलटलेलं असू शकतं. छापील प्रतीवरून डावं-उजवं ठरवायच्या आधी कट्यार कुठल्या हाताला आहे ते बघा.

सदाशिवपेठी
मग बंदांचा पुरावा अजिबातच मानायचा नाही का? बरीच चित्रं मूळ रंगवलेली आहेत, छापलेली नाहीत.

मखमल_नको
बंदांच्या बाजूवर तुम्ही भांडत बसा, पडद्यावरचे बंद मुळात बांधलेलेच नसतात. आत वेल्क्रो किंवा टिचबटणं असतात आणि वर शोभेच्या गाठी शिवलेल्या. ओळखायला सोपं आहे. खरा बंद ताणला की कापड गाठीपाशी गोळा होतं, तिथून तिरप्या सुरकुत्या निघतात, आणि दोन बंदांच्या मध्ये कड किंचित उघडी पडते. वेल्क्रोची कड वरपासून खालपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सपाट बसते आणि माणूस वाकला-उठला तरी गाठ जागची हलत नाही.

पण हे निव्वळ आळशीपणाने होत नाही, तेही सांगते. कलाकाराच्या कंबरेला माइकची डबी असते. ती बॅटरी बदलायला दिवसातून दोन-तीनदा अंगरखा उघडावा लागतो. बाराबंदीच्या सहा जोड्या प्रत्येक वेळी सोडून पुन्हा तशाच बांधायच्या म्हटल्या तर आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये गाठी वेगळ्या दिसतात. रोजच्या मालिकेत रोज एक भाग चित्रित करून द्यायचा असतो, तिथे वेल्क्रोच जिंकणार.

ओसरी
@मखमल_नको, मग मखमल का? नावावरून तुमचा राग दिसतोय.

मखमल_नको
कारण मखमल कॅमेऱ्यात श्रीमंत दिसते आणि स्वस्तातली पॉलिस्टर मखमल घाम, मळ, सुरकुती सगळं लपवते. मलमलीचा पांढरा जामा एका शॉटनंतर चुरगळतो, तंबूत डाग पडतात, आणि दिव्यांच्या उजेडात पांढरं कापड फटफटीत उठून चेहरा काळवंडतो. म्हणून कॅमेरामन पांढऱ्याला आधी नकार देतो. फारच आग्रह धरला तर कापड चहाच्या पाण्यात बुडवून हस्तिदंती करून घ्यायचं, हा जुना उपाय. साधारण दहा मिनिटं पुरतात. पण सगळे जामे एकाच पातेल्यात एकदम बुडवावे लागतात, नाहीतर दरबारात प्रत्येकाची छटा वेगळी.

मौज अशी की वर ज्या दरबारचित्राचा उल्लेख आहे त्यात बहुतेक मंडळी पांढऱ्यात आहेत. पांढरे जामे, रंगीत पागोटी, शेले. ऐश्वर्य दाखवायचं ते तलम कापडातून आणि दागिन्यांतून, जाड भडक कापडातून नाही.

न्यूजर्सीकर
इकडच्या मालिकांचंही असंच आहे हो. इंग्लंडमधल्या १८१३ च्या काळावरची मालिका असेल तर नायिकेला कॉर्सेटमध्ये करकचून आवळताना दाखवतात, तेही आत सुती झगा न घालता थेट उघड्या अंगावर. त्या काळच्या झग्याची कंबर छातीखालीच असायची, घेर सरळ खाली सुटायचा. पोट आवळून कोणाला दाखवणार? आवळायची फॅशन पुढची. सगळीकडे तोच प्रकार, प्रेक्षकाच्या डोक्यात जे "जुनं" बसलंय ते दाखवायचं.

जुना_चष्मा
+१. आपल्याकडे तसं डोक्यात बसलेलं "जुनं" म्हणजे टिळक-रानड्यांच्या काळातले फोटो. पुणेरी पगडी म्हणून जी तयार, शिवलेली, कोकी वर काढलेली पगडी आपण ओळखतो ती एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याची ओळख. वेल्सच्या चित्रांत डोक्यावर गुंडाळलेले पदर मोजता येतात. मालिकेत १७४० चा कारकून जर गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखी पगडी घालून बसला असेल तर तो दीडशे वर्षं पुढचा आहे.

चिंचपेटी
बायकांबद्दल कोणी बोलणार आहे की नाही? पेशवीणबाईंचं लुगडं शिवलेलं असतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण ओळखायचं कसं?

खणाची_चोळी
@चिंचपेटी, मागून बघा. नेसलेल्या लुगड्याचा काष्टा कधीच अगदी मधोमध आणि इस्त्री केल्यासारखा नसतो. मुळात नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एका टोकाला कंबरेभोवती गाठ मारायची, समोर निऱ्या घालून खोचायच्या, निऱ्यांचा खालचा भाग दोन पायांतून मागे ओढून खोचायचा आणि उरलेलं कापड फिरवून पदर काढायचा. यात काष्टा ओढताना एका बाजूला थोडा जास्त ताण येतोच. बाई बसली की तो सैल होतो, उठली की ती मागे हात नेऊन सारखा करते. मालिकेतल्या बाईने मागे हात नेलेला कधी पाहिलाय?

शिवलेल्याची दुसरी खूण म्हणजे पाय. शिवलेलं लुगडं बहुधा साडेपाच मीटरच्या सहावारीतून कापतात. कापड कमी पडतं, मग मांडीपाशी ते सलवारीसारखं चिकटून बसतं आणि ती कसर काढायला समोरच्या निऱ्या जमिनीवर लोळवतात. नऊवारीत मांडीभोवती कापडाचे दोन-तीन पदर असतात, त्यामुळे तिथे भरीवपणा दिसतो आणि घोटे मोकळे राहतात. याच नेसणीत बायका विहिरीवर जायच्या, जात्यावर बसायच्या. घोट्यात अडकणारं वस्त्र त्यांना परवडलं नसतं.

चोळी तर विचारूच नका. खणाच्या चोळीला पुढे छातीखाली गाठ. मागे हुक नाही, चेन नाही, आत पॅड नाहीत. पाठमोरी नायिका दिसली आणि पाठीवर खोल गळा, त्याला गोंडे, म्हणजे ती चोळी गेल्या वीस वर्षांतली.

चिंचपेटी
छान सांगितलंत ताई. शिवलेलं वापरण्यात पण वेळेचंच कारण असणार?

खणाची_चोळी
हो. सवय असलेली बाई पाच-सात मिनिटांत नेसते, पण दुसऱ्याला नीट नेसवायला वीस मिनिटं तरी जातात. दरबारी प्रसंगात आठ जणी असतील तर नेसवणाऱ्या किती लागतील बघा. शिवलेलं दोन मिनिटांत चढतं. माझं म्हणणं एवढंच की एका प्रमुख पात्राला तरी खरं नेसवा. चाल बदलते, बसणं बदलतं.

नाशिकची_वसुधा
नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात सवाई माधवराव करायचाय. अंगरखा आणि पगडी शिवून घ्यावी की भाड्याने? किती कापड लागेल? लवकर सांगा प्लीज, शनिवारी कार्यक्रम आहे.

पर्वतीपायथा
सवाई माधवरावांना शनिवारचा वार बरा दिसत नाही ताई, वाड्याचं नाव आधीच तेच आहे. 😀

मखमल_नको
@नाशिकची_वसुधा, धागा वेगळा आहे पण सांगते. अंगरखा शिवा, पगडी भाड्याने घ्या. चव्वेचाळीस इंच पन्ह्याची पांढरी मलमल किंवा केंब्रिक अडीच मीटर घ्या. शिवण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटते. बंद त्याच कापडाचे, वीतभर लांब, आणि शिवणीत दुहेरी टीप मारून घ्या. मुलं पहिल्यांदा बंदच ओढतात.

पगडी मोठ्यांच्या मापाची मिळेल. त्या वयाच्या मुलाच्या डोक्याचा घेर बावन्न-त्रेपन्न सेंटिमीटर असतो, पगडी छप्पन-अठ्ठावन्नची. आत स्पंजची पट्टी गोल लावू नका, पगडी वर उचलली जाते आणि मुलगा भोवऱ्यासारखा दिसतो. कपाळावर एक आणि मागे एक असे दोनच तुकडे लावा. आणि चष्मा असेल तर आदल्या दिवशी चष्म्यासकट घालून बघा.

नाशिकची_वसुधा
खूप धन्यवाद! चष्मा आहेच.

सदाशिवपेठी
रंगांवर येऊ. रासायनिक रंग १८५६ नंतरचे, पर्किनने जांभळा काढला तिथून सुरुवात. त्यामुळे पेशवाईत झगझगीत गुलाबी नि जांभळा दिसला की सरळ चूक. तेव्हा सगळं मातकट, फिकट असायचं.

खणाची_चोळी
१८५६ बरोबर, पुढचं नाही. करडईच्या फुलांचा कुसुंबा हा इतका झगझगीत गुलाबी देतो की आजच्या राणी रंगाशेजारी ठेवा. त्याचा दोष वेगळा आहे, तो टिकत नाही. धुण्यात उतरतो, उन्हात विटतो, म्हणून पुन्हा पुन्हा रंगवावा लागे. लाखेवर निळीचा हात दिला की जांभळा. हळदीवर निळीचा हात दिला की पोपटी, पण हळद उडाली की निळं उरतं. मंजिष्ठाचा तांबडा मात्र वर्षानुवर्षं टिकायचा.

तेव्हा "जुनं म्हणजे मातकट" हीही मालिकांनीच लावलेली सवय. सगळ्यावर तपकिरी छटा चढवली की काळ मागे गेला, असं त्यांना वाटतं. मी तर उलट शोधते. एकाच घरातल्या दोन लुगड्यांपैकी एक ताजं गुलाबी आणि एक विटलेलं गुलाबी दाखवलं, तर त्या वेशभूषाकाराला मी मानेन. अजून दिसलं नाही. दरबारात पन्नास माणसं आणि पन्नासही कपडे आजच धुऊन आणलेले.

न्यूजर्सीकर
दागिन्यांची खूण कोणती? मला ते सगळे सारखेच चकाकताना दिसतात.

चिंचपेटी
तीच तर खूण. चकाकणं. जुन्या जडावात खडे चपटे किंवा गोलसर घोटलेले, मागे वर्ख लावून बसवलेले. त्यांचा उजेड मंद, एकसारखा. मालिकेत वापरतात ते अमेरिकन डायमंड, पैलू पाडलेले. मान हलली की सप्तरंगी ठिणग्या उडतात. तन्मणीच्या खोडाकडे बघितलं तर लगेच कळतं. नथ तर दाबाची असते, टोचलेल्या नाकातल्यासारखी लोंबत नाही, नाकपुडीला चिमटा लावल्यासारखी बाहेर तिरकी उभी राहते.

एक मात्र सांभाळून घ्यायला हवं. खऱ्या धातूचे गोठ, पाटल्या, तोडे एकमेकांवर आपटले की माइकमध्ये संवादापेक्षा जास्त वाजतात. म्हणून हलक्या नकली किंवा दोऱ्याने एकत्र बांधलेल्या घालतात. त्यामुळेच पेशवीणबाई हात हलवतात आणि काहीच किणकिणत नाही. मग नंतर स्टुडिओत आवाज घालतात, तोही बहुतेक वेळा पैंजणांचा.

देवळाचा_कळस
मला एक सांगा, विधवा पांढऱ्या साडीत का दाखवतात? ब्राह्मण घरांत लाल अलवण असायचं ना?

खणाची_चोळी
एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याबद्दल बोलत असाल तर हो, सोवळ्या बायकांचं लाल अलवण, केशवपन, पदर डोक्यावरून. पांढरी साडी हिंदी सिनेमातून आली, कारण प्रेक्षकाला बघताक्षणी कळायला हवं. लाल नेसलेली बाई विधवा आहे हे आता लोकांना समजावून सांगावं लागतं. मला वाटतं एका संवादात काम भागलं असतं.

देवळाचा_कळस
पण १७६१ च्या, पानिपतानंतरच्या पुण्यातही हेच होतं असं धरायचं का? दीडशे वर्षं मागे नेताना आपणही तीच चूक करत नाही ना, जी पगडीबाबत वर सांगितली?

जुना_चष्मा
रास्त शंका आहे. अठराव्या शतकासाठी मी फोटोंचा आधार घेणार नाही. अलवण तेव्हा होतं की नव्हतं याचा निकाल दप्तरातल्या कापडखरेदीच्या नोंदींवरून लागेल, चित्रांवरून नाही. चित्रांत मुळात घरातल्या बायका फारशा येतच नाहीत.

ओसरी
मी आता मूळ प्रश्नावर परत येतो. समजा सवाई माधवरावांच्या दरबाराचाच प्रसंग आहे, १७९० च्या आसपासचा, म्हणजे ज्या काळाची चित्रं आहेत तोच. मग तरी मालिकेत सगळं बरोबर यायला हवं ना? तिथे काय चुकतं?

जुना_चष्मा
तिथे सगळ्यात मोठी चूक कपड्यांची नाही, खुर्चीची आहे. पेशव्याला सिंहासनावर बसवतात. पेशवा प्रधान, सिंहासन छत्रपतींचं, आणि छत्रपती साताऱ्याला. दरबारचित्रात बघा, गणेश रंगमहालात सगळे खाली बैठकीवर बसलेत, पेशव्यासकट. गादी, लोड, तक्के. इंग्रज वकीलसुद्धा खालीच.

खाली बसलं की कपड्यांचं सगळं गणित बदलतं. घोट्यापर्यंतचा घेरदार जामा मांडी घातल्यावर चहूबाजूंनी पसरतो, गुडघे झाकतो. तो तसा पसरावा म्हणूनच एवढा घेर. मालिकेतला अंगरखा उभं राहून तलवार फिरवायला शिवलेला असतो, कमी घेराचा. तो घालून मांडी घातली की गुडघ्यांवर ताणतो आणि खालची चुडीदार दिसते. मग दिग्दर्शक म्हणतो, उभेच राहा किंवा खुर्ची आणा.

खांबही बघा. सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर वर निमुळते, लाकडी, त्यांच्यात महिरपी. सेटवर दिसतात ते गोल गुळगुळीत खांब बहुतेक वेळा राजस्थानी हवेलीचे असतात, कारण तोच सेट आधी दुसऱ्या मालिकेला वापरलेला असतो.

आणि एक सावधानता या चित्राबद्दलही. १७९० च्या त्या दरबाराला वेल्सही नव्हता आणि डॅनियलही. वेल्सने माणसं नंतर एकेकटी बसवून टिपली, डॅनियलने ती लंडनमध्ये एकत्र मांडली. तेव्हा चेहरे, पागोटी, जामे यांवर भरवसा ठेवा. कोण कोणाशेजारी बसलं होतं, यावर नाही.

सदाशिवपेठी
म्हणजे तुमचा पुरावाही एक प्रकारची मालिकाच की.

जुना_चष्मा
म्हणा हवं तर. पण कपडे तरी समोर बसलेल्या माणसाच्या अंगावरचे आहेत. बंद कुठल्या बाजूला हे त्याच चित्रात मोठं करून बघा, ते रंगवलेलं आहे, उलटलेलं नाही. काय दिसतं ते इथे लिहा.

सदाशिवपेठी
बघितलं. पुढच्या दोघांचे बंद शेल्याखाली झाकलेत. मागचे फार लहान आहेत.

मखमल_नको
वेल्क्रो असेल.

पर्वतीपायथा
😂😂 तोपर्यंत माझा सत्यनारायण लांबणीवर.

देवळाचा_कळस
शेंडीचं राहिलं. पगडी काढल्यावर आतून छान वळवलेले, जेल लावलेले केस निघतात. डोक्याचा घेरा केलेला, मागे शेंडी, असं एकाही नायकाचं दाखवत नाहीत. बाकी एक्स्ट्रा लोकांना मात्र टकलाची रबरी टोपी. कपाळावर टोपीची कड स्पष्ट दिसते, गंध तिच्यावरून अर्धं आत अर्धं बाहेर.

मखमल_नको
नायकाच्या करारात केस कापणं नसतं हो. त्याला दुसऱ्या दिवशी जाहिरात असते. त्यावर एकच तोड आहे, पगडी काढायचा प्रसंगच लिहायचा नाही. घरात, झोपताना, आजारी असतानाही डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं ठेवायचं. उघडं डोकं तेव्हा तसंही चारचौघांत अवघड वाटायचं, त्यामुळे ते खोटंही वाटत नाही.

नाशिकची_वसुधा
अंगरखा झाला शिवून, छान बसलाय. एक शंका. सर म्हणतात सिंहासन पाहिजेच, शाळेकडे तयार आहे. काय करू?

जुना_चष्मा
सिंहासन मागे ठेवा, त्याच्यापुढे गादी आणि लोड टाकून मुलाला खाली बसवा. सरांना सांगा, प्रेक्षकांना चेहरा नीट दिसतो.